शाळेभोवतीचे पाचशे मीटर

जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी एक घोषणा केली. जास्त कॅफिन असलेली एनर्जी ड्रिंक्स शाळेपासून पाचशे मीटरच्या आत विकायला राज्यात बंदी आणली जाईल, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी बातमीत आकडा ठळक छापून आला. त्यानंतर चर्चा झाली ती पेयांची. पाचशे मीटरबद्दल फारसे कोणी काही विचारले नाही, कारण ते सगळ्यांना समजल्यासारखे वाटते. शाळा इथे आहे, तिच्याभोवती पाचशे मीटरचे वर्तुळ काढा, आत येतील ती दुकाने मोजा.

हे वर्तुळ काढण्याच्या कामाला नकाशाच्या संगणकीय जगात बफर अॅनालिसिस म्हणतात. एखाद्या बिंदूभोवती, रेषेभोवती किंवा क्षेत्राभोवती ठरावीक अंतराचा पट्टा आखायचा आणि दुसऱ्या यादीतल्या कोणत्या गोष्टी त्या पट्ट्यात पडतात ते शोधायचे, एवढेच ते काम. क्यूजीआयएस नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते मिनिटभरात होते. पण त्या मिनिटाच्या आधी काही निर्णय घ्यावे लागतात. ते चुकले तरी नकाशा तितकाच सुबक दिसतो, आणि म्हणूनच त्यांच्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे.

पाचशे मीटर म्हणजे किती मोठे क्षेत्र, इथपासून सुरुवात करू. शाळेजवळ तंबाखू विकायला मनाई करणारा २००३ चा केंद्रीय कायदा शंभर यार्डांची, म्हणजे ९१.४४ मीटरची मर्यादा घालतो. पाचशे मीटर हे अंतर त्याच्या साडेपाच पट आहे. पण क्षेत्र अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे वर्तुळ साडेपाच पट न होता जवळजवळ तीस पट मोठे होते. शंभर यार्डांच्या वर्तुळात शाळेसमोरचा रस्ता, दोन-चार टपऱ्या आणि कोपऱ्यावरचा वाणी येतो. पाचशे मीटरच्या वर्तुळात ०.७८५ चौरस किलोमीटर येतात, म्हणजे जुन्या गावठाणातली एखादी अख्खी पेठ. पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत शाळा इतक्या जवळजवळ आहेत की एकीचे वर्तुळ संपायच्या आत दुसरीचे सुरू होते. सगळी वर्तुळे एकत्र केली की वर्तुळे उरतच नाहीत, सगळ्या पेठांवर पसरलेला एकच ठिपका दिसतो. अशा ठिकाणी ‘शाळेपासून पाचशे मीटर’ आणि ‘जुन्या शहरात कुठेही’ यांत फारसा फरक राहत नाही. हे नियम करण्याआधी नकाशावर पाहून घेतले तर मर्यादा किती असावी याचा निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येईल. माझ्या मते बफरचा सर्वांत मोठा उपयोग अंमलबजावणीच्याही आधी, इथे आहे.

आता प्रत्यक्ष काम. दोन याद्या लागतात, एक शाळांची आणि एक दुकानांची. दोन्हींत प्रत्येक नोंदीला जागा हवी, म्हणजे अक्षांश आणि रेखांश. शाळांची बाजू त्या मानाने सोपी आहे. देशातल्या प्रत्येक शाळेला यूडायस क्रमांक असतो, अकरा आकडी, आणि महाराष्ट्रातल्या शाळांचे क्रमांक २७ ने सुरू होतात. एकाच नावाच्या शाळा गावोगावी असल्याने नावाऐवजी हा क्रमांक धरूनच काम करावे.

जागेच्या आकड्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तपासायची पहिली गोष्ट म्हणजे दशांश चिन्हानंतर किती अंक आहेत. कोणी शाळेची जागा १८.५२ आणि ७३.८५ अशी लिहिली असेल, तर ती आकड्यांना पूर्णांकाजवळ आणून लिहिलेली जागा आहे. अक्षांशाच्या शंभराव्या भागाचे अंतर जमिनीवर सुमारे १.१ किलोमीटर भरते, म्हणजे शाळा उत्तरेला किंवा दक्षिणेला साडेपाचशे मीटरपर्यंत सरकलेली असू शकते. आपले अख्खे वर्तुळ पाचशे मीटरचे, आणि त्याचा मध्यच साडेपाचशे मीटर चुकलेला! चार अंक असतील तर चूक दहा-अकरा मीटरच्या आत राहते, आणि पाच असतील तर मीटरभरात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल. पुण्यातल्या शाळेचे आकडे उलटे भरले तर ती नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात जाऊन पडते. ही चूक निदान लगेच दिसते. दोन अंकांची चूक दिसत नाही, कारण शाळा शहरातच राहते, फक्त दुसऱ्या आळीत.

जागा नीट आहेत असे धरू. आता वर्तुळ काढायचे, आणि इथे नवखा माणूस हमखास अडकतो. अक्षांश-रेखांश अंशांत असतात, मीटरमध्ये नसतात. ते तसेच ठेवून अंतराच्या चौकटीत ५०० लिहिले तर सॉफ्टवेअर पाचशे अंशांचे वर्तुळ काढते, आणि अख्खी पृथ्वी एकाच रंगाखाली झाकली जाते. हे पाहून माणूस सावध होतो. मग कोणीतरी सांगते की एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, तेव्हा ०.००४५ लिहा. आता वर्तुळ बरोबर दिसते, पण ते वर्तुळ नसते. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात. पुण्याच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंश सुमारे १०५.६ किलोमीटरचा असतो, तर दक्षिणोत्तर अंश ११०.७ किलोमीटरचा. म्हणून ०.००४५ अंशांचा बफर उत्तर-दक्षिण ४९८ मीटर आणि पूर्व-पश्चिम ४७५ मीटर भरतो. शाळेच्या पूर्वेला ४९० मीटरवर असलेले दुकान बाहेर राहते आणि उत्तरेला तितक्याच अंतरावरचे आत येते.

याहून फसवी चूक मीटरमध्ये काम करतानाच होते. मोबाइलवर आणि संकेतस्थळांवर जे नकाशे आपण बघतो, ते बहुतेक वेब मर्केटर नावाच्या पद्धतीने सपाट केलेले असतात. सॉफ्टवेअरमध्ये त्याचा क्रमांक EPSG:3857. त्याचे एकक मीटर असे लिहिलेले असते, म्हणून माणूस निश्चिंतपणे ५०० टाकतो. पण या नकाशात विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितके अंतर ताणलेले असते. त्यामुळे नकाशावरचे पाचशे मीटर पुण्यात जमिनीवर ४७४ मीटर होतात आणि नागपुरात ४६६. अंतर पाच टक्क्यांनी कमी झाले की क्षेत्र दहा टक्क्यांनी कमी होते. सव्वीस मीटरच्या त्या कडेवर जी दुकाने आहेत ती यादीतून गुपचूप गळतात. कोणताही इशारा येत नाही, आणि पडद्यावरचे वर्तुळ अगदी गोल असते.

उपाय सोपा आहे. बफर काढण्याआधी दोन्ही याद्या यूटीएम या पद्धतीत बदलून घ्यायच्या. तिच्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडलेले आहेत, आणि प्रत्येक पट्ट्यात मीटर हा जवळपास खराखुरा मीटर असतो. पट्ट्याच्या मध्याशी पाचशे मीटरमागे चूक वीस सेंटिमीटरची, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती हे सगळे त्रेचाळिसाव्या पट्ट्यात येतात, त्याचा क्रमांक EPSG:32643. अठ्ठ्याहत्तर अंश रेखांशाच्या पूर्वेला चव्वेचाळिसावा पट्टा सुरू होतो, EPSG:32644. यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर त्यात पडतात. सॉफ्टवेअरमध्ये या कामासाठी Reproject Layer नावाची सोय आहे. आपले काम बरोबर झाले का हे कळायला एक खात्रीची चाचणी आहे. एका बिंदूभोवती काढलेल्या पाचशे मीटरच्या बफरचे क्षेत्र विचारा. ०.७८५ चौरस किलोमीटरच्या आसपास उत्तर आले तर ठीक. ०.७० च्या आसपास आले तर वेब मर्केटरने दगा दिला आहे.

चाचणी करताना बहुतेकांना नेमके ०.७८५ मिळत नाही, ०.७७२ मिळते. त्याचे कारण वेगळे आहे. संगणक खरे वर्तुळ काढत नाही, सरळ रेषांचे बहुभुज काढतो. क्यूजीआयएस न सांगता प्रत्येक पाव वर्तुळाचे पाच तुकडे करते, म्हणजे वीस बाजू. बहुभुजाचे कोपरे पाचशे मीटरवर असतात, पण बाजूंचे मध्य ४९४ मीटरवरच. त्या सहा मीटरच्या फटीत असलेले दुकान बाहेर राहते. Buffer या आज्ञेच्या चौकटीत Segments समोर ५ ऐवजी ३६ लिहिले की ही फट जेमतेम बारा सेंटिमीटरची उरते.

हे सगळे हिशेबाचे प्रश्न झाले, त्यांना बरोबर उत्तर आहे. यापुढचा प्रश्न मात्र हिशेबाने सुटत नाही. पाचशे मीटर मोजायचे कुठून?

आपल्याकडच्या दोन नियमांनी याची दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. तंबाखूच्या कायद्याखाली २००४ मध्ये झालेल्या नियमांप्रमाणे शंभर यार्ड शाळेच्या कुंपणाच्या किंवा भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून, सरळ रेषेत, सर्व दिशांना मोजायचे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये शाळकरी मुलांच्या आहाराविषयी नियम केले. त्यात जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ मुलांना विकण्याची मनाई शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेला पन्नास मीटरपर्यंत आहे. एक नियम भिंत धरतो, दुसरा फाटक. नकाशात याचा अर्थ असा की पहिल्यासाठी शाळेचे आवार क्षेत्र म्हणून आखावे लागते, आणि दुसऱ्यासाठी फाटक एक बिंदू म्हणून पुरते. शाळेच्या इमारतीवर मधोमध एक टाचणी टोचून काम उरकले, तर तो बफर यांपैकी एकाही नियमाचा नसतो.

फरक किती पडतो ते एका कल्पित शाळेवर मोजून पाहू. समजा शाळेचे आवार १२० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद आहे. भिंत चारी बाजूंनी आहे, आणि फाटक एकच, लांब बाजूच्या बरोबर मध्यावर, रस्त्याला लागून. फाटकापासून पाचशे मीटरचे वर्तुळ ०.७८५ चौरस किलोमीटरचे. भिंतीपासून पाचशे मीटर मोजले तर आवार धरून क्षेत्र ०.९९५ चौरस किलोमीटर होते, म्हणजे सव्वापटीहून थोडे जास्त. अंतर लहान असेल तर तफावत आणखी वाढते. शंभर यार्डांना हेच दोन हिशेब लावले तर भिंतीपासूनचे क्षेत्र फाटकापासूनच्या क्षेत्राच्या पावणेतीन पट भरते. मर्यादा जितकी आखूड, तितका ‘कुठून’ हा शब्द वजनदार.

आता याच शाळेच्या मागे एक दुकान ठेवू. मागच्या भिंतीच्या मध्यापासून एक गल्ली सरळ मागे जाते, आणि त्या गल्लीत भिंतीपासून ४५० मीटरवर एक किराणा दुकान आहे. शीतकपाटात एनर्जी ड्रिंकचे डबे आहेत. भिंतीपासून मोजले तर हे दुकान ४५० मीटरवर, म्हणजे बंदीच्या आत. फाटकापासून सरळ रेषेत मोजले तर आवाराची ८० मीटर रुंदी मिळून ५३०, म्हणजे बाहेर. आणि शाळा सुटल्यावर मुलगा चालत निघाला तर? फाटकातून बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत ६० मीटर, बाजूच्या भिंतीने ८०, मागच्या भिंतीने मध्यापर्यंत ६०, मग गल्लीतले ४५०. एकूण ६५० मीटर. दुकान जागचे हलले नाही, शाळाही हलली नाही, आणि तीन प्रामाणिक माणसांनी तीन प्रामाणिक उत्तरे दिली. म्हणून नियमाच्या मसुद्यात ‘शाळेपासून पाचशे मीटर’ एवढेच लिहून थांबणे मला धोक्याचे वाटते. मसुदा करणाऱ्याने कुठून आणि कसे हे लिहिले नाही, तर तो निर्णय नकाशा काढणारा कारकून घेतो, किंवा न्यायालयात वकील घेतात.

चालण्याचे अंतर की सरळ अंतर, हा वाद केरळमध्ये अगदी जमिनीवर उतरला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली आणि १ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या उत्तर परवूर इथल्या एका बारच्या मालकाने मग आवारातच भिंती घालून नागमोडी वाट बांधली. इमारत तिथेच राहिली, फक्त महामार्गावरून दारापर्यंत चालायचे अंतर वाढले. तिथे अंतर चालण्याच्या वाटेने मोजले जात होते, म्हणून ही युक्ती सुचली. सरळ रेषेतल्या बफरला असा चकवा देता येत नाही, ही त्याची बाजू भक्कम आहे. तो कुणाच्या वाटेवर अवलंबून नसतो, आणि कोणीही पुन्हा काढला तरी तोच येतो.

पण सरळ रेषेला नदी दिसत नाही आणि रेल्वेचे रूळही दिसत नाहीत. मुठेच्या एका काठावर शाळा आणि समोरच्या काठावर दुकान असेल, तर नकाशावर ते तीनशे मीटरवर असू शकते. पूल लांब असला तर पोराला तिथे पोचायला किलोमीटरभर चालावे लागेल. मुंबईत लोकलच्या रुळांच्या दोन बाजूंना हेच होते. प्रश्न ‘मुले मधल्या सुट्टीत कुठल्या दुकानात पोचू शकतात’ असा असेल, तर वर्तुळ चुकीचे हत्यार आहे. त्यासाठी रस्त्यांचे जाळे घेऊन फाटकापासून पाचशे मीटर चालत कुठवर जाता येते ते काढावे लागते. क्यूजीआयएसमध्ये ही सोय Service area या नावाने आहे. तिचे उत्तर वर्तुळासारखे दिसत नाही, वेडेवाकडे येते, रस्त्यांच्या बाजूने लांब हात आणि मध्ये मोकळ्या जागा. रस्त्यांचा नकाशा अपुरा असेल, बोळ आणि पायवाटा त्यात नसतील, तर ते अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. आपल्याकडे बोळ बहुधा नसतातच. माझे मत असे की कायद्यासाठी सरळ रेषा वापरावी आणि मुलांच्या सवयींचा अभ्यास करताना वाट. दोन्ही काढून शेजारी ठेवले तर नदीपलीकडची दुकाने आपोआप उठून दिसतात.

आतापर्यंत दुकानांच्या यादीविषयी मी बोललो नाही, कारण खरी अडचण तिथे आहे. दुकानांची पूर्ण यादी कोणाकडेच नसते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्यांना नोंदणी करावी लागते, त्याहून लहान दुकानदाराने फक्त व्यवसायाची सूचना द्यायची असते. शाळेसमोरच्या टपरीत तेवढे कामगार नसतात. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या नकाशात दुकाने असतात, पण कोणी भरली असतील तेवढीच. मॉलमधली सगळी आणि झोपडपट्टीतले एकही नाही, असे चित्र तिथे सहज दिसते. ज्यांची एनर्जी ड्रिंक विकण्याची शक्यता जास्त ती ठिकाणे म्हणजे किराणा, बेकरी, पानटपरी, मेडिकल, पेट्रोल पंपावरचे दुकान. त्यांतली निम्मीशिम्मी कुठल्याच यादीत नसतील, तर वर्तुळ कितीही अचूक असून काय उपयोग?

काही जण पत्त्यांची यादी संगणकाला देऊन त्यावरून जागा काढतात. पुण्या-मुंबईचे पत्ते ‘मारुती मंदिराजवळ’, ‘शाळेच्या मागे’ असे असतात. संगणकाला ते समजले नाहीत की तो पेठेचा किंवा पिनकोडचा मध्यबिंदू देऊन मोकळा होतो. ही चूक ओळखायची खूण अशी की नकाशावर डझनभर दुकाने बरोबर एकाच ठिपक्यावर एकमेकांवर बसलेली दिसतात. असा ढीग शाळेच्या वर्तुळात पडला तर एका शाळेजवळ अचानक दुकानांचा बाजार भरल्यासारखा आकडा येतो आणि शेजारच्या शाळेजवळ शून्य.

म्हणून पायी फिरून केलेल्या पाहणीला पर्याय नाही. क्यूफील्डसारखे अॅप मोबाइलवर घेऊन वर्तुळाच्या आतला प्रत्येक रस्ता चालायचा, आणि प्रत्येक दुकानाच्या दारात उभे राहून एक बिंदू टाकायचा. इमारतीच्या मध्यावर नाही, दारात, कारण लांबलचक चाळीच्या एका टोकाचा गाळा आत असतो आणि दुसऱ्या टोकाचा बाहेर. पाहणी वर्तुळाच्या कडेवर थांबवू नये, पन्नास मीटर पुढे जावे. प्रभागाच्या किंवा महापालिकेच्या हद्दीवर तर मुळीच थांबू नये. हद्दीला लागून असलेल्या शाळेचे अर्धे वर्तुळ शेजारच्या ग्रामपंचायतीत असते, आणि यादी हद्दीवर कापली की त्या शाळेजवळ दुकाने कमी आहेत असा खोटा निष्कर्ष निघतो.

मोबाइलच्या जीपीएसलाही मर्यादा आहे. उघड्या आभाळाखाली तो साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो, अरुंद गल्लीत आणि उंच इमारतींमध्ये त्याहून चुकतो. आपण दहा मीटरची चूक धरून चालू. मग ४९० ते ५१० मीटरमधले प्रत्येक दुकान संशयित ठरते. आत किंवा बाहेर, संगणक ठामपणे सांगेल, पण त्याला ते माहीत नसते. हा वीस मीटरचा कडा नगण्य वाटतो, पण त्याचे क्षेत्र मूळ वर्तुळाच्या आठ टक्के आहे. दुकाने सगळीकडे सारखी पसरली असतील तर यादीतल्या शंभर दुकानांमागे आठ संशयित असतील. त्यांना वेगळ्या रंगात दाखवावे आणि तिथे जागेवर जाऊन पुन्हा मोजावे. मोबाइलच्या एका ठिपक्यावर दुकानदाराला नोटीस देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

शेवटची जुळणी करताना एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. हवे आहे ते ‘कोणत्याही शाळेच्या आत येणारी दुकाने’ की ‘प्रत्येक शाळेजवळची दुकाने’? पहिल्यासाठी सगळे बफर विरघळवून एक करावेत आणि Extract by Location वापरावे, म्हणजे प्रत्येक दुकान एकदाच मोजले जाते. दुसऱ्यासाठी बफर वेगळे ठेवावेत. तेव्हा दोन शाळांच्या मध्ये असलेले दुकान दोन्हींच्या यादीत येते, आणि ते बरोबरच आहे. फक्त त्या याद्यांची बेरीज करून ‘शहरात इतकी दुकाने’ असे म्हणू नये. पेठांसारख्या दाट भागात ही बेरीज खऱ्या संख्येच्या कित्येक पट फुगते.

काम डेटाबेसमध्ये करत असाल तर वर्तुळ काढायचीही गरज नाही. पोस्टजीआयएसमध्ये थेट अंतर विचारता येते, आणि बहुभुजाच्या बाजूंची भानगड मुळातच टळते. दोन्ही तक्ते यूटीएममध्ये असावेत आणि शाळेचे आवार क्षेत्र म्हणून आखलेले असावे, एवढीच अट:

```sql
SELECT d.id, s.udise,
       ST_Distance(d.geom, s.geom) AS antar
FROM dukane d
JOIN shala s
  ON ST_DWithin(d.geom, s.geom, 500)
ORDER BY antar;
```

मला ही पद्धत वर्तुळापेक्षा जास्त आवडते, कारण ती ‘आत’ किंवा ‘बाहेर’ एवढ्यावर थांबत नाही, प्रत्येक दुकानासमोर अंतर लिहून देते. मर्यादा उद्या तीनशे मीटर झाली तर यादी तीच, फक्त रेघ वर सरकते. संशयित दुकानेही खालच्या टोकाला एकत्र सापडतात. त्यासाठी आज्ञेत ५०० ऐवजी ५१० लिहून ठेवावे आणि पलीकडची दहा मीटरही नजरेखाली घालावीत.

अन्न निरीक्षकाच्या हाती द्यायचा कागद याच यादीतून निघतो. त्यावर दुकानाचा क्रमांक आणि प्रकार, सर्वांत जवळच्या शाळेचा यूडायस क्रमांक, मीटरमधले अंतर, अंतर भिंतीपासून की फाटकापासून, आणि पाहणीची तारीख व वेळ. वेळ लिहिण्याचे कारण हातगाड्या. सकाळी अकराला रिकामा असलेला फुटपाथ दुपारी शाळा सुटताना भरलेला असतो, आणि संध्याकाळी पुन्हा रिकामा. दुपारच्या पाहणीत नोंदलेली गाडी सकाळी गेलेल्या निरीक्षकाला सापडत नाही आणि यादी खोटी ठरते. म्हणून चाकांवरच्या विक्रेत्यांचा रकाना वेगळा ठेवावा आणि त्यांची पाहणी निदान दोन वेळा, शाळा भरताना आणि सुटताना करावी. पक्क्या दुकानांची यादी दर शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला, जूनमध्ये, नव्याने तपासली तर पुरते.